पहिला पीसीबी बनवायला पाठवण्याआधी या चुका टाळा

विहिरीवरच्या मोटरसाठी स्वतःचा ऑटो स्टार्टर बनवणारी पोरं आता वर्धा-यवतमाळच्या खेड्यांतही भेटतात. ब्रेडबोर्डवर सगळं चालतं, केआयकॅडमध्ये सर्किट काढलं जातं, त्याच सॉफ्टवेअरची जोडण्यांची तपासणी म्हणजे ईआरसी चालवली जाते आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "भाऊ, ईआरसीत एक बी एरर नाई, पाठवून देऊ का?"

माझं उत्तर तेव्हा एकच असतं. बोर्ड हातात आल्यावर तो कसा तपासणार, ते आधी कागदावर लिही. काय मोजायचं, मीटरचे प्रोब कुठे टेकवायचे, किती आकडा यायला हवा. हे लिहिताना सर्किटमधल्या अर्ध्या चुका आपोआप उघड्या पडतात. "३.३ व्होल्ट मोजणे" असं लिहिलं आणि प्रोब टेकवायला जागाच नाही, तर टेस्ट पॉइंट राहिला आहे हे तिथेच कळतं.

उदाहरणाला एक साधा बोर्ड घेऊ. १२ व्होल्टचा अडॅप्टर, ईएसपी-३२ मॉड्यूल, टाकीतला फ्लोट स्विच आणि स्टार्टरच्या कॉइलला चालू-बंद करणारा एक रिले. संत्र्याच्या बागेत विहिरीवरून टाकी भरायची, एवढंच काम.

ईआरसी गप्प केलेला असतो

ईआरसीला फक्त जोडण्या कळतात, तुमच्या मनातलं कळत नाही. नेहमीची चूक अशी: रेग्युलेटरच्या आउटपुटला `+3V3` हे पॉवर चिन्ह लावलेलं आणि मॉड्यूलच्या पिनला हाताने `3V3` असं लेबल. सॉफ्टवेअरच्या लेखी ही दोन वेगळी नेट. मॉड्यूलला वीज पोचतच नाही. ईआरसी इथे बरोबर ओरडतो, की पॉवर पिनला कुणी वीज देत नाही. पण इंटरनेटवर वाचलेलं असतं, की हा एरर आला की `PWR_FLAG`, म्हणजे "इथून वीज येते" असं ईआरसीला सांगणारं चिन्ह, लावायचं. ते लावलं की एरर जातो, चूक तिथेच राहते.

`PWR_FLAG` फक्त बाहेरून वीज जिथे बोर्डात शिरते तिथे लावा: १२ व्होल्टच्या कनेक्टरवर आणि त्याच्या ग्राउंडवर. आत कुठे ते लावावंसं वाटलं, तर आधी ते नेट हायलाइट करून कुठून कुठे जातं ते डोळ्यांनी पाहा. प्रत्येक पॉवर नेटसाठी हे करायला दहा मिनिटं लागतात.

टाकी भरली की बोर्ड सुरूच होत नाही

ही चूक मला सगळ्यात खोडकर वाटते, कारण टेबलावर ती सापडत नाही.

फ्लोट स्विचची एक बाजू ग्राउंडला, दुसरी जीपीआयओ १२ ला, आणि तिथून ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा पुल-अप. टाकी रिकामी असताना स्विच बंद, म्हणजे आतून जोडलेला, त्यामुळे पिन शून्यावर. टाकी भरली की स्विच उघडतो आणि पिन वर जाते. दिसायला काहीच चुकलेलं नाही.

पण ईएसपी-३२ सुरू होताना काही पिनांवरची पातळी वाचून स्वतःच्या सेटिंग ठरवतो. ० , २, ५, १२ आणि १५ या त्या पिना. सुरुवातीलाच १२ नंबर वर असेल, तर तो फ्लॅश मेमरीला १.८ व्होल्ट द्यायला जातो. नेहमीच्या मॉड्यूलमधली फ्लॅश ३.३ व्होल्टची असते, त्यामुळे प्रोग्राम वाचताच येत नाही. सिरियल मॉनिटरवर हे पुन्हापुन्हा दिसतं:

```
flash read err, 1000
```

आतला पुल-डाउन कमकुवत असतो, बाहेरचा १० किलोओहम त्याला सहज हरवतो. टेबलावर टाकी कायम "रिकामी", म्हणून बोर्ड छान चालतो. शेतात टाकी भरलेली असताना लाइन जाऊन परत आली, की बोर्ड मेलेला. आपल्याकडे कृषी फीडरची लाइन ठरावीक तासच असते, म्हणजे हे रोजचंच.

रिलेचंही तसंच. तो ५ नंबरच्या पिनवर असेल, तर तिथे सुरुवातीला आतला पुल-अप चालू असतो. रिले चालवणारा ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतो, रिले फडफडू शकतो आणि त्यामागे मोटरचा कॉन्टॅक्टर. विहिरीत माणूस उतरलेला असेल तर हा प्रकार गमतीचा नाही. रिलेला २५, २६, ३२, ३३ यांपैकी पिन द्या आणि ट्रान्झिस्टरच्या बेसवर ग्राउंडकडे १० किलोओहम लावा. फ्लोट स्विचही यांतल्याच एखाद्या पिनवर न्या.

चाचणीच्या कागदावर मग अशी ओळ येते: फ्लोट उघडा ठेवून दहा वेळा आणि बंद ठेवून दहा वेळा वीज तोडून जोडणे, प्रत्येक वेळी बोर्ड सुरू झाला पाहिजे, रिलेचा आवाज येता कामा नये. मोटर जोडायची नाही, रिलेच्या पुढे १२ व्होल्टचा एलईडी दिवा पुरे.

सकाळी चालतो, दुपारी बंद पडतो

१२ व्होल्टवरून थेट ३.३ करायला एएमएस-१११७ लावलेला बोर्ड कितीदा तरी दिसतो. हिशोब करून पाहा. वायफाय चालू असताना सरासरी १२० मिलिअँप धरले, तर ८.७ व्होल्टचा फरक रेग्युलेटर उष्णतेत घालवतो: साधारण १ वॉट. भोवती तांबं कमी असेल तर डेटाशीटप्रमाणे दर वॉटला ९० अंश तापमान वाढतं. मे महिन्यात उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत ६० अंश धरा. बेरीज १५० च्या वर, आणि चिपची मर्यादा १२५. ती स्वतःला बंद करून घेते, थंड झाली की पुन्हा सुरू होते, आणि पोरगं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतं.

१२ वरून ५ व्होल्टला बक कन्व्हर्टर लावा आणि ५ वरून ३.३ ला हाच रेग्युलेटर. मग त्याच्यावर ०.२ वॉटच राहतो. दोघांमध्ये आणि मॉड्यूलच्या आधी एकेक जंपर ठेवा, म्हणजे प्रत्येक टप्पा सुटा तपासता येतो.

फूटप्रिंटचं थोडक्यात: लेआउट १:१ मापात कागदावर छापा आणि विकत आणलेले पार्ट त्यावर ठेवून पाहा. बीसी-५४७ ट्रान्झिस्टरचे पाय सपाट बाजू समोर धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असतात. पीएन-२२२२ चे एमिटर, बेस, कलेक्टर. दुकानदार "एकच आहे" म्हणून देतो.

पहिल्यांदा वीज देताना

आधी वीज न देता ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोजा. शून्याच्या जवळ असेल तर पुढे जाऊ नका. मग सगळे जंपर काढून १२ व्होल्ट द्या. करंट लिमिटवाला पॉवर सप्लाय गावात मिळत नाही, तर मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये लावा. तो झगझगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बक कन्व्हर्टरवर ४.९ ते ५.१ आल्यावर पहिला जंपर, ३.२ ते ३.४ आल्यावर दुसरा. मॉड्यूल सुरू करताना मात्र बल्ब काढून टाका, नाहीतर वायफाय चालू होताना व्होल्टेज पडून खोट्या चुका दिसतात.

उष्णतेची चाचणी मॉड्यूल जोडण्याआधीच करता येते. ३.३ व्होल्टवर २७ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर म्हणजे १२२ मिलिअँपचा लोड. बोर्ड त्याच पत्र्याच्या पेटीत, झाकण लावून, दुपारच्या उन्हात एक तास ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी व्होल्टेज लिहून काढा. त्यासाठी मीटरच्या दोन तारा पेटीबाहेर काढाव्या लागतील, म्हणजे ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडला तार सोल्डर करता येईल एवढी भोकं बोर्डावर हवीत. तुमच्या लेआउटमध्ये ती आहेत का, ते आत्ताच पाहा.