ब्लूटूथ जोडलं जातं, पण सिस्टिम गप्प: या चुका टाळा

फोनवर 'कनेक्टेड' दिसतं, जुन्या म्युझिक सिस्टिमला वायरने लावलेल्या छोट्या ब्लूटूथ रिसीव्हरचा दिवा स्थिर जळतो आणि सिस्टिममधून मात्र काहीच आवाज येत नाही. अशा वेळी बहुतेक जण पेअरिंग मोडून पुन्हा पुन्हा जोडत बसतात. त्याचा क्वचितच उपयोग होतो. पेअरिंग फोन आणि रिसीव्हर या दोघांपुरतं असतं. रिसीव्हरच्या पुढे फक्त वायर असते, आणि त्या वायरमागे ब्लूटूथ आहे की कॅसेट डेक, हे अ‍ॅम्प्लिफायरला कळायचं काही कारण नाही.

म्हणून आधी दोष वायरच्या कोणत्या बाजूला आहे ते ठरवा. रिसीव्हरला इयरफोनचं साधं छिद्र असेल, तर सिस्टिमची वायर काढून तिथे इयरफोन लावा आणि गाणं चालू करा. इयरफोन कानात घालण्याआधी आवाज कमी ठेवा. गाणं ऐकू आलं, तर फोन आणि रिसीव्हर दोघंही निर्दोष आहेत. ऐकू आलं नाही, तर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या उपकरणासमोर 'मीडिया ऑडिओ' चालू आहे का ते पाहा. ते बंद असेल, तर जोडणी दिसत राहते, पण गाणं फोनच्याच स्पीकरवर वाजतं.

इयरफोनमध्ये गाणं वाजत असेल, तर सिस्टिमकडे वळा. वायर ज्या सॉकेटमध्ये आहे, तोच इनपुट सिलेक्टरवर निवडलेला हवा. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण खरी गफलत टेपच्या सॉकेटपाशी होते. ज्या सिस्टिमला ऑक्स नसतो, तिथे लोक 'टेप' लिहिलेल्या जागी वायर लावतात. तिथे सॉकेटच्या दोन जोड्या असतात: 'प्ले' किंवा 'इन' लिहिलेल्या जोडीतून डेकचा आवाज आत येतो, तर 'रेक' किंवा 'आउट' लिहिलेल्या जोडीतून अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज रेकॉर्डिंगसाठी बाहेर जातो. रिसीव्हर दुसऱ्या जोडीला लावला, तर अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत काहीच पोहोचत नाही. प्लग नीट बसतात, काही जळत नाही, फक्त शांतता.

एक उदाहरण घ्या. सिलेक्टरवर ट्यूनर, फोनो आणि सीडी एवढेच पर्याय आहेत आणि टेपसाठी 'टेप मॉनिटर' नावाचं वेगळं बटण आहे. रिसीव्हर टेपच्या प्ले सॉकेटला बरोबर लावला, तरी सिलेक्टर कितीही फिरवला तरी तो वाजणार नाही, कारण त्याची वाट त्या बटणातूनच जाते. बटण दाबलं की आवाज येतो. उलटही घडतं. वायर सीडीला लावलेली आहे, पण हे बटण चुकून दाबलेलं राहिलं, तर सीडी, ट्यूनर सगळंच गप्प होतं. एकही स्रोत वाजत नसेल, तर पहिला संशय याच बटणावर घ्या.

फोनोच्या सॉकेटला मात्र हात लावू नका. तो रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी बनवलेला असतो, रिसीव्हर त्याच्या शेकडो पट देतो. तिथे आवाज येतो, पण फाटलेला आणि घुमणारा.

आता वाट बरोबर आहे, तरी आवाज इतका बारीक की नाही म्हटलं तरी चालेल. सीडी किंवा ऑक्स इनपुटला पूर्ण आवाजासाठी साधारण १५० ते ३०० मिलिव्होल्ट लागतात. फोन आणि रिसीव्हर दोन्ही पूर्ण आवाजावर असले, की बहुतेक छोटे रिसीव्हर त्याहून बरंच जास्त देतात. पण फोनचा आवाज कमी केला, तर रिसीव्हरमधून बाहेर पडणारा सिग्नलही घटतो. २० डेसिबल कमी म्हणजे व्होल्टेज दहावा भाग. काही रिसीव्हरला स्वतःची आवाजाची बटणंही असतात, म्हणजे आवाज दोनदा कापला जातो.

यावर सिस्टिमचा नॉब शेवटपर्यंत फिरवणं ही घातक चूक आहे. तसाच नॉब ठेवून कोणी सिलेक्टर ट्यूनरवर नेला, तर स्पीकरला एकदम पूर्ण ताकदीचा धक्का बसतो. नॉब आधी शून्यावर आणा. फोनचा आवाज नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवा, रिसीव्हरचा पूर्ण करा, मग नॉब हळूहळू वाढवा.

हे सगळं करूनही एकाच बाजूचा स्पीकर वाजत असेल किंवा सिलेक्टर हलवताना खरखर येत असेल, तर बहुधा आतले संपर्क काळे पडलेत. सिस्टिम बंद करून सिलेक्टर पंधरा-वीस वेळा पुढे-मागे फिरवा. पुष्कळदा तेवढ्यानंच गाडी रुळावर येते. नाही आली, तर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. घरातलं तेल नको, त्यावर धूळ चिकटून बसते.