निंदणाच्या दिवशी मजूर बाईची किती ताकद खर्च होते, डायरीवरून कसं काढायचं

आमच्याकडे यवतमाळच्या बाजूला ऑगस्टमध्ये कपाशीचं निंदण सुरू असतं. तेव्हा शेजारच्या काकूंचा एका दिवसाचा हिशोब मांडला होता, तोच इथे देतोय. काकूंचं वजन ४५ किलो. वजन अंदाजाने धरू नका, आशाताईंकडच्या काट्यावर घ्या, कारण शेवटी सगळं त्यानेच गुणायचं आहे.

मेट म्हणजे काय तर शांत बसलेल्या माणसाच्या मानाने एखाद्या कामाला किती पट ताकद लागते तो आकडा. बसल्याचा १, आणि १ मेट म्हणजे एका किलोमागे तासाला साधारण १ किलोकॅलरी. म्हणून मेट गुणिले तास गुणिले वजन, एवढंच गणित आहे.

आधी डायरी. "रोज काय करता" असं विचारलं की "सकाळी उठून कामाला जातो, सांजच्याला येतो" एवढंच उत्तर येते, म्हणून काल काय केलं ते विचारायचं, तेही त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळीच. घड्याळ नसलं तरी चालते. पहिली एसटी यायच्या आधी चूल पेटली होती का, शाळेची घंटा झाली तेव्हा वावरात होत्या का, असं धरून धरून वेळ बसवायची. सगळे तास मिळून २४ झालेच पाहिजेत, नाही झाले तर बहुतेक पाणी भरणं नाहीतर संध्याकाळचा सैपाक सुटलेला असतो.

खरी गडबड होते ती वावरातल्या तासांची. काकू साडेआठ ते साडेपाच वावरात, म्हणजे ९ तास, त्यातला १ तास शिदोरीचा. उरले ८, पण हे आठही तास विळा चालत नाही. मी एक तास धुऱ्यावर बसून पाहिलं तर ४५ मिनिटं निंदण आणि १५ मिनिटं पाणी पिणं, कंबर सरळ करणं, ओळीच्या टोकाला उभं राहणं. म्हणजे ६ तास निंदण आणि २ तास उभं राहणं. जमलं तर सकाळी एकदा आणि दुपारच्या उन्हात एकदा पाहा, दुपारी थांबणं वाढते.

मग प्रत्येक कामाला तक्त्यावरून मेट लावून डायरी अशी झाली:

झोप ७.५ तास × ०.९५ = ७.१
चूल, भाकरी, भांडी, झाडणं ४.५ × २.५ = ११.३
पाणी भरणं ०.५ × ४.५ = २.३
वावरात चालत जाणं-येणं १ × ३.५ = ३.५
निंदण ६ × ३.५ = २१
वावरात उभं राहणं २ × १.८ = ३.६
बसून जेवण, गप्पा २.५ × १.५ = ३.८

बेरीज साधारण ५२.५, गुणिले ४५, म्हणजे जवळपास २३६० किलोकॅलरी.

आता इथे खूप जण चुकतात. शरीराला नुसतं जिवंत राहायला जे लागते, श्वास, हृदय वगैरे, ते मेटमध्ये आधीच धरलेलं आहे. ते वरून पुन्हा जोडलं तर काकूंचा आकडा साडेतीन हजाराच्या आसपास जाते आणि तो साफ चुकीचा. दुसरी चूक म्हणजे "शेतीकाम म्हणजे जड काम" असं म्हणून आठही तासांना ५ मेट लावणं, त्याने एका दिवसात ७०० च्या जवळपास फालतू वाढतात.

आकडा बरोबर वाटतो का ते पाहायचं असेल तर आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीत ५५ किलोच्या, जड काम करणाऱ्या बाईला दिवसाला २७२० आहेत, म्हणजे किलोला ४९ च्या वर. काकूंचे किलोला ५२ येतात, जवळच आहे. तुमचे ३५ किंवा ७० आले तर डायरी पुन्हा तपासा.

तरीही २३६० हा काही पक्का आकडा नाही. मेटचे तक्ते बहुतेक बाहेरच्या देशातल्या, जास्त वजनाच्या लोकांवर मोजून केलेले आहेत, आणि उकिडवं बसून ओल्या काळ्या मातीतलं तण उपटायला नेमके किती मेट धरायचे हे तक्त्यात सरळ सापडत नाही. तण दाट असेल, गुत्त्याचं काम असेल तर बाया भराभर हात चालवतात. तेव्हा ३.५ ऐवजी ४.५ धरले तर ६ तासांत २७० वाढतात, म्हणून मी लिहिताना "२३५० ते २६५०" असंच लिहितो.

आणि एका दिवसावरून आठवडा काढू नका. बाजाराच्या दिवशी काकू वावरात जात नाहीत, त्या दिवसाची डायरी वेगळी मांडली तर बेरीज ४० आली, म्हणजे १८००. सहा दिवस २३६० आणि एक दिवस १८०० धरून सरासरी २२८० पडते.