कांद्याची पावडर आणि न तपासलेली संधी: उद्योजकतेच्या पहिल्या टप्प्यांतील या चुका टाळा

उद्योजकतेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात कल्पना सुचणे, कल्पनांची चाळणी, संधी ओळखणे आणि संधीचे मूल्यमापन असे टप्पे ओळीने शिकवले जातात. ते पाठ होतात, पण प्रकल्प लिहायला बसल्यावर विद्यार्थी पहिल्या टप्प्यावरून थेट यंत्रांच्या दरपत्रकावर उडी घेतो. हे कसे घडते हे पाहण्यासाठी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या प्रकल्प अहवालात हमखास येणारी एक कल्पना घेऊ: लासलगावला कांद्याचा भाव पडला की शेतकरी हवालदिल होतो, म्हणून कांदा वाळवून त्याची पावडर करावी आणि विकावी.

पहिली चूक: विकणाऱ्याची अडचण म्हणजे घेणाऱ्याची गरज, असे समजणे

भाव पडणे ही शेतकऱ्याची खरी अडचण आहे, याविषयी वाद नाही. मात्र पावडरचे पैसे शेतकरी देणार नाही; ते मसाला उत्पादक, फरसाणवाला किंवा उपाहारगृह देणार आहे. त्यांना आज पावडर मिळत नाही का, महाग मिळते का, की वाईट मिळते? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर अहवालात नसेल, तर तिथे अजून संधी नाही, केवळ एक निरीक्षण आहे. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. अहवालाच्या पहिल्या दोन पानांत कच्च्या मालाची मुबलकता असते आणि ग्राहक थेट नवव्या पानावर ‘विपणन’ या शीर्षकाखाली भेटतो.

ग्राहकापासून सुरुवात केली की काही गोष्टी लगेच समोर येतात. गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातील महुवा येथे कांदा वाळवण्याचा उद्योग पूर्वीपासून जम बसवून आहे आणि तो प्रामुख्याने पांढऱ्या कांद्यावर चालतो. याचे कारण रंगापुरते नाही. वाळवणीसाठी निवडलेल्या पांढऱ्या वाणांत घन अंश, म्हणजे पाणी उडाल्यावर उरणारा भाग, जास्त असतो, तर नाशिककडच्या लाल कांद्यात तो कमी असतो. शिवाय लाल कांद्याच्या पावडरला गुलाबी-तपकिरी छटा येते, ती अनेक खरेदीदारांना नको असते. म्हणजे जो माल स्वस्त आणि मुबलक म्हणून कल्पना सुचली, तोच या कामासाठी कमी सोयीचा निघतो.

दुसरी चूक: ‘तुम्ही घ्याल का?’ असे विचारणे

सर्वेक्षणात शंभरांपैकी नव्वद जण ‘हो, घेऊ’ म्हणतात, कारण नाही म्हणून समोरच्या विद्यार्थ्याला कोणी नाराज करत नाही. होकाराला काही किंमत मोजावी लागत नसेल, तर त्यावरून मागणी ठरवता येत नाही. त्याऐवजी झालेल्या व्यवहाराबद्दल विचारावे: मागील तीन महिन्यांत कांदा पावडर कोणाकडून घेतली, किती किलो, काय भावाने, पैसे किती दिवसांनी दिले आणि माल कधी परत केला होता का? शेवटच्या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुधा सर्वांत उपयोगी ठरते. पावसाळ्यात पावडर ओलावा शोषून घेते आणि तिचे खडे होतात, ही तक्रार अशा बोलण्यातूनच कळते. प्रश्नावलीतील चौकटींत ती येत नाही. असे दहा खरेदीदार मनापासून बोलले, तरी ते शंभर फॉर्मपेक्षा अधिक शिकवून जातात.

तिसरी चूक: एकाच भावावर मूल्यमापन करणे

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून तिचा हिशेब सविस्तर पाहू. १० किलो लाल कांद्याची साले, देठ आणि मुळे काढल्यावर सुमारे ८.५ किलो कांदा उरतो. त्यात १२ टक्के घन अंश धरला, तर साधारण १ किलो पावडर मिळते. म्हणजे १ किलो पावडरमागे साडेसात किलोच्या आसपास पाणी वाफ करून घालवावे लागते. घन अंश १८ टक्के असेल, तर तेवढ्याच कांद्यातून सुमारे १.६ किलो पावडर निघते. वाणाची निवड हा नफ्याचा प्रश्न आहे, तो असा.

आता खर्च. पुढचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. आपल्या प्रकल्पात ते प्रत्यक्ष विचारून भरावेत. वीज किंवा इंधन, मजुरी, पॅकिंग आणि वाहतूक मिळून किलो पावडरमागे १४० रुपये, आणि खरेदीदार देऊ करतो तो भाव २६० रुपये. कांदा १० रुपये किलो असताना कच्चा माल १०० रुपयांचा होतो, एकूण खर्च २४० आणि २० रुपये उरतात. अहवालात नेमका हाच आकडा असतो, कारण कल्पना भाव पडलेला असताना सुचलेली असते. कांदा २५ रुपयांवर गेला, तर खर्च ३९० रुपये होतो आणि प्रत्येक किलोमागे १३० रुपयांचा तोटा येतो. नफा-तोट्याची सीमा १२ रुपये किलो, म्हणजे १२०० रुपये क्विंटल.

त्यामुळे मूल्यमापनाचा खरा प्रश्न असा होतो: मागील पाच वर्षांत आपल्या बाजार समितीत भाव १२०० रुपयांच्या खाली किती महिने होता? दैनंदिन भावांच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर मिळतात, आणि त्या एका दुपारी तक्त्यात उतरवता येतात. कांद्याचा भाव केवळ पीकपाण्यावर ठरत नाही हेही तेव्हा दिसते: ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली.

‘स्वस्त असताना पुढच्या आठ महिन्यांची पावडर करून ठेवू’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. महिन्याला ५०० किलो विक्री धरली, तर आठ महिन्यांसाठी ४००० किलो पावडर, म्हणजे ४० टन कांदा. कांद्याचे ४ लाख आणि प्रक्रियेचे ५ लाख ६० हजार असे ९ लाख ६० हजार रुपये साठ्यात अडकतात. आणि स्वस्ताई दोनच महिने टिकली, तर रोज पावणेसातशे किलोच्या आसपास कांदा वाळवण्याची क्षमता लागते. ते यंत्र उरलेले दहा महिने धूळ खात राहते.

चौथी चूक: पावडर फसली म्हणून कांदाच सोडून देणे

मूल्यमापनात नकार आला की विद्यार्थी थेट दुसऱ्याच क्षेत्राकडे वळतात. खरे तर त्याच निरीक्षणातून अनेक कल्पना निघू शकल्या असत्या; पहिलीच आवडल्यामुळे त्या निघाल्या नाहीत. प्रतवारी, कांदाचाळीची भाड्याने साठवण, तळलेला कांदा, उपाहारगृहांना सोललेला कांदा: यांतील प्रत्येकाचा पैसे देणारा वेगळा आहे.

सोललेल्या कांद्याकडे जरा थांबून पाहावे. उपाहारगृह कांदा काहीही भाव असला तरी घेतेच; त्याची अडचण सकाळी सोलायला माणूस मिळत नाही ही असते. इथे आपण मजुरी विकतो आणि कांद्याच्या भावातील चढउतार ग्राहकाच्या बिलात जातो. तोटेही स्पष्ट आहेत: सोललेला कांदा फार टिकत नाही, थंड ठेवावा लागतो आणि वास इतर मालाला लागतो, म्हणून वितरणाचे क्षेत्र लहानच राहणार. हे तपासायला यंत्र लागत नाही. दोन उपाहारगृहांना सात दिवस रोज १० किलो सोललेला कांदा रोख पैसे घेऊन द्यावा, किलोमागे किती मिनिटे लागली आणि किती माल परत आला याची नोंद ठेवावी, आणि आठव्या दिवशी कोण स्वतःहून फोन करते ते पाहावे.