सहा जणांचा मसालेभात दहा जणांसाठी करताना

कॅटरिंगच्या किंवा डब्यांच्या कामात नव्याने उतरलेल्यांना गुणक काढता येतो, हे मी धरून चालते. हवी ती माणसं भागिले मूळ माणसं, म्हणजे १० ÷ ६, साधारण १.६७. उलटा भागाकार केलात तर ०.६ येईल, गुणक एकापेक्षा लहान दिसला की समजा, गाडी उलटी चालली आहे. मी तर १.६७ने गुणतही नाही. सहाचे दहा म्हणजे तिनाचे पाच. जिन्नसाचे तीन भाग करायचे, तसे पाच घ्यायचे.

गुणाकारात सहसा कोणी पडत नाही. पडतात ते त्यानंतर, आकडे वाटी-चमच्यात बसवताना. इथे मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण याच पायरीने माझी पहिले काही महिने झोप उडवली होती.

मसालेभात घ्या. सहा जणांना दोन वाट्या तांदूळ, चार वाट्या पाणी. पाच-तृतीयांश केल्यावर तांदूळ ३.३३ वाट्या आणि पाणी ६.६७ वाट्या. अशी वाटी कोणाच्या घरात असते? म्हणून आपण तांदूळ तीन करतो, पाणी सात करतो. दोन्ही आकडे जवळचेच, कागदावर निर्दोष. पण आधी एका वाटीला दोन वाट्या पाणी होतं, आता सव्वादोनच्याही वर गेलं. दाणा टोकाला फुटतो, तळाशी गुरगुट्या होतो. उलट तांदूळ साडेतीन आणि पाणी साडेसहा घेतलंत तर भात कोरडा पडतो आणि दाणा बोटांत दाबला की मधे कणी लागते. कणी राहिली तर उकळतं पाणी शिंपडून, झाकण घालून, मंद आचेवर वाफ काढता येते. गुरगुट्या झालेल्यावर मात्र इलाज नाही, तो वाढायचा आणि गप्प बसायचं.

म्हणजे चूक एकेका आकड्यात नसते, प्रत्येक जिन्नस स्वतंत्रपणे जवळच्या मापाला नेण्यात असते. त्याऐवजी आधी मुख्य जिन्नस सोयीच्या मापाला आणा. तांदूळ ३.३३ चे साडेतीन. आता मूळ गुणक विसरा आणि नवा काढा: ३.५ ÷ २ = १.७५. पुढचं सगळं याच पावणेदोनने. पाणी बरोबर सात वाट्या. गोडा मसाला दोन छोटे चमचे होता, तो साडेतीन. मीठ दीडचं २.६ येतं, अडीच घाला, पाणी उकळल्यावर चव बघा. भात किंचित जास्त होईल, दहाच्या जागी साडेदहा जणांचा. चालतं.

«सरळ दुप्पट कर, कशाला डोकं खातेस» असं सांगणारे भेटतील. दुप्पट म्हणजे बारा जणांचं. घरी ठीक आहे, संध्याकाळी फोडणी देऊन संपतं. डब्याच्या धंद्यात रोज दोन ताटं फुकट. आणि «अंदाज येतो हळूहळू» म्हणणाऱ्या वस्तादांवर माझा जुना राग आहे. त्यांचा अंदाज खराच असतो, पण तो त्यांच्या हातात असतो. तुम्हाला तो वहीतच लागणार. मोबाइलवरचा हिशेबही ३.३३ वाट्या सांगून मोकळा होतो, पुढचं तुमच्यावरच.

तीन गोष्टी मात्र गुणकाच्या ऐकण्यातल्या नाहीत. फोडणीचं तेल पातेल्याच्या तळावर ठरतं. तीन मोठ्या चमच्यांचे सव्वापाच येतील. साडेचार घालून बघा, बहुतेक पुरतं. हिरव्या मिरच्या चारच्या सात होतात, पण त्यांचा तिखटपणा मेला रोज वेगळा, म्हणून पाच टाका आणि उरलेल्या बाजूला ठेवा. कमी पडलेलं वाढवता येतं, हा यातला मोठाच दिलासा.

तिसरी म्हणजे वेळ. वीस मिनिटांना पावणेदोनने गुणू नका. उकळी यायला जास्त वेळ लागेल, पण उकळी आल्यावर दाणा शिजायला लागतो साधारण तेवढाच. कुकरमध्ये तर शिट्ट्या त्याच. त्याआधी भांडं बघा: साडेतीन वाट्या तांदूळ, सात वाट्या पाणी आणि तोंडली. दीडशे मिलिलिटरची वाटी धरली तरी दोन लिटरच्या आसपास गेलं. भाताला कुकर निम्म्याच्या वर भरायचा नसतो, तेव्हा तीन लिटरचा बाजूला ठेवून पाच लिटरचा काढा. आणि वहीत साडेतीनच्या पुढे वाटी कोणती तेही लिहा. बाजारातल्या दोन वाट्या सारख्या नसतात.