नवरीच्या चेहऱ्यावरून ओढणीचा काठ जात असेल तर चेहरा बदलायचा कसा

केस नेहमीचीच आहे, एका फ्रेममधे नवरा छान हसतोय पण नवरीचे डोळे मिटलेत, पुढच्या फ्रेममधे तिचे डोळे उघडे पण नवऱ्याने मान वळवलेली. दोन्ही फ्रेम एकाच बर्स्टमधल्या घ्या, फोटोशॉपमधे दोन लेयर करा, Auto-Align Layers मारा, नाहीच जुळलं तर वरच्या लेयरची ओपॅसिटी ५०% करून नाकावर नाक बसवा. इथवर काही अवघड नाहीये.

खरी गोची कपाळावरून गालावर उतरणाऱ्या नेटच्या ओढणीची. सगळे सांगतात की चेहरा गोल कापा, मास्कची कड मऊ करा, झालं. काही होत नाही! दोन फ्रेमच्या मधे नवरीची मान जराशी हलते आणि काठ बोटभर सरकतो, मग मऊ कडेतून जुना काठ भुतासारखा डोकावतो. माझ्या एका अल्बममधे असंच राहून गेलं आणि नवरीच्या मावशीने पहिल्याच पानावर विचारलं, "हिने दोन ओढण्या घेतल्या होत्या का रे?"

तेव्हापासून माझा नियम एकच, नेटमधून जेवढी त्वचा दिसते तेवढी नेट चेहऱ्यासोबतच आणायची. जुनी नेट ठेवून खाली नवा चेहरा सरकवता येत नाही कारण तिच्या जाळीत जुना गाल आधीच मिसळलेला असतो. म्हणजे जोड चेहऱ्यावर नकोच, तो डोक्यावर पिन लावलेल्या चुणीत आणि खाली खांद्याजवळ जिथे कापड दुहेरी होऊन आरपार दिसत नाही तिथे घ्या. मास्क त्या चुणीच्या रेषेवरूनच फिरवा, कड एक-दोन पिक्सेलच मऊ. दोन्हीकडचे काठ जोडापाशी भिडत नसतील तर Warp ने नवा काठ ओढून भिडवा, आणि बाहेर उरलेला जुना काठ Clone Stamp ने पुसा, हे शेवटचं लोक हमखास विसरतात.

जुनाच काठ हवा असेल, समजा नव्या फ्रेममधे तो डोळ्यावर आलाय, तर जुना काठ Ctrl+J ने कॉपी करून सगळ्यात वर न्या आणि Blend If मधे This Layer चा काळा स्लायडर त्वचा विरेपर्यंत उजवीकडे सरकवा, मग Alt धरून दुभागा आणि उजवा अर्धा अजून जरा उजवीकडे न्या. त्वचा विरते, चमकता जरीकाठ उरतो. पण हे काठ त्वचेपेक्षा उजळ असेल तरच चालतं, लाल काठाला नाही. आणि नव्या चेहऱ्यावरचा नवा काठ आधी पुसायला विसरू नका, नाहीतर परत मावशी.

या दुसऱ्या पद्धतीत काठाची सावलीही हाताने द्यावी लागते. Multiply लेयर चेहऱ्याला क्लिप करून काठाच्या खालच्या अंगाला बारीक रेघ, ओपॅसिटी २०-२५%, रंग गालावरच्याच सावलीतून उचललेला. काळा घेतलात तर काजळ फिसकटल्यासारखं दिसतं.

फोटो आडवा फ्लिप करून १००% वर काठ वरपासून खालपर्यंत नजरेने चालत जा. कुठे तुटला किंवा एकदम जाड झाला तर तिथेच जोड चुकलाय.