पांढरा लावला की शेवटी गुलाबी: रंग बदलणाऱ्या स्ट्रिप लाइटमध्ये या चुका टाळा

वास्तूच्या आदल्या संध्याकाळी हिंगणघाटजवळच्या एका गावातून फोन आला. "भाऊ, लाल लावला तं लाल येते, निळा लावला तं निळा येते. पण पांढरा लावला का शेवटी गुलाबीच दिसून राह्यला. स्ट्रिप डुप्लिकेट देली का तुम्ही?"

स्ट्रिप डुप्लिकेट नव्हती. फोनवरच्या त्या तीन वाक्यांतच दोष कुठं आहे ते कळत होतं. कसं, ते आधी सांगतो, कारण नव्वद टक्के लोक इथं रोल बदलतात, रिमोटवर चालणारा कंट्रोलर बदलतात, आणि वायर मात्र तीच ठेवतात.

या स्ट्रिपला चार वायरी असतात. लाल, हिरवा आणि निळा या रंगांची एकेक, आणि चौथी तिघांची मिळून कॉमन. कॉमन म्हणजे १२ व्होल्टची प्लस. प्लस सगळ्यांना कायम मिळत राहते. कंट्रोलर फक्त रंगांच्या वायरी मायनसला जोडतो आणि तोडतो. नुसता निळा लावला तर कॉमनमधून निळ्यापुरताच करंट जातो. पांढरा म्हणजे तिन्ही रंग एकदम, आणि त्या तिघांचा करंट एकट्या कॉमनवर येतो. म्हणजे तिथं व्होल्टेजची घट तिप्पट होते.

मग गुलाबीच का? स्ट्रिपच्या एका तुकड्यात प्रत्येक रंगाच्या तीन एलईडी एकामागे एक जोडलेल्या असतात. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, तिघींना ६. निळ्या-हिरव्याला प्रत्येकी ३ च्या आसपास, म्हणजे ९ किंवा थोडे जास्तच. १२ चे १० झाले तरी लालला फार फरक पडत नाही, निळा-हिरवा मात्र मरगळतो. लाल तेवढा उरतो आणि पांढऱ्याचा गुलाबी होतो.

म्हणून तपासणी सोपी आहे. रिमोटवर एकेक रंग लावून स्ट्रिपचं शेवटचं टोक बघा. एकेक रंग नीट आणि पांढराच बिघडतो, तर कॉमन बारीक आहे किंवा तिचा जोड ढिला आहे. एखादा रंग एकटा लावूनही शेवटी मंद दिसतो, तर दोष त्या रंगाच्या वायरीत.

आता त्या घराचं. हॉलच्या पीओपीच्या खाचेत मीटरला ३० एलईडीची १० मीटर स्ट्रिप, म्हणजे ५ मीटरचे दोन रोल एकापुढे एक जोडलेले. मीटरला ७.२ वॅट, एकूण ७२ वॅट, १२ व्होल्टवर ६ अँपिअर. घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा एसएमपीएस १० अँपिअरचा, तो पुरेसा होता. कंट्रोलर रंगाला २ अँपिअरचा, म्हणजे अगदी काठावर, पण चालण्यासारखा. चूक तिसरीकडं होती. एसएमपीएस आणि कंट्रोलर विजेच्या मीटरच्या बोर्डाजवळ, आणि तिथून खाचेपर्यंत ८ मीटर ती चार रंगांची बारीक चपटी वायर, जी रोलसोबत वीतभर येते आणि दुकानात मीटरनं मिळते.

ती वायर साधारण ०.३३ चौरस मिलिमीटरची. ८ मीटरला तिचा अडथळा ०.४ ओहमच्या थोडा वर. कॉमनमधून ६ अँपिअर न्यायचे म्हटलं तर तिथंच अडीच व्होल्ट गेले. रंगाच्या वायरीतून २ अँपिअर, तिथं आणखी पाऊण-एक. व्होल्टेज पडलं की करंटही कमी होतो, त्यामुळं प्रत्यक्षात हिशोबापेक्षा थोडं कमी पडतं, पण पांढरा बिघडायला तेवढं पुरतं. शिवाय दोन रोल सलग जोडल्यामुळं पहिल्या रोलच्या पातळ तांब्यावरून दुसऱ्याचाही करंट जात होता.

इलाज असा केला. आधी एमसीबी पाडली. कॉमनसाठी १.५ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर एसएमपीएसच्या प्लसपासून थेट नेली, कंट्रोलरमधून नाही. प्लस त्यात तोडलीच जात नाही, त्यामुळं ती बाहेरून नेली तरी रिमोटचं काम तसंच चालतं. कंट्रोलरला त्याची स्वतःची प्लस-मायनस अर्थात ठेवलीच. तीन रंगांच्या वायरी मात्र कंट्रोलरमधूनच, ०.७५ चौरस मिलिमीटरच्या. आणि या चारही वायरी टोकाला न जोडता दोन रोलच्या मधल्या जोडावर आणून डाग दिले, म्हणजे दोन्हीकडं पाच-पाच मीटर. हिशोबानं आता वायरीत मिळून एक व्होल्टच्या आसपास पडतो. पांढरा दोन्ही टोकांना सारखा दिसला.

ते झाल्यावर मालकाचा मोठा मुलगा म्हणाला, "मंग काकाजी, मायनसही डायरेक्टच टाकून देऊ ना." नाही! ही दुसरी नेहमीची चूक. रंगाची वायर कुठंही थेट मायनसला लागली, की तो रंग कंट्रोलरला न जुमानता पेटूनच राहतो, रिमोटवर बंद दाबलं तरी. असं दिसलं तर आधी ही शंका घ्या. दुसरी शंका कंट्रोलर आतून जळाल्याची. कंट्रोलरला वळसा घालायचा हक्क फक्त कॉमन प्लसला.

जुन्या वायरमनला फसवणारी एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. बऱ्याच स्ट्रिपला कारखान्यातून येणाऱ्या वायरींत काळी वायर ही प्लस असते, कधी पांढरी. आपला हात काळी दिसली की मायनसकडं जातो. रंगावर जाऊ नका, स्ट्रिपवर तांब्याच्या ठिपक्याजवळ छापलेलं वाचा. ज्या ठिपक्यावर १२ व्होल्ट लिहिलंय तो कॉमन. चार पिनांचा प्लग उलटा बसला तर स्ट्रिप बहुतेक पेटतच नाही. बाण जुळवून परत लावा. लाल दाबल्यावर हिरवा आला तर दोन रंगांची फक्त अदलाबदल झालीय.

जोडासाठी प्लॅस्टिकच्या दाबायच्या क्लिपा मिळतात. मी त्या छोट्या तुकड्याला वापरतो, ६ अँपिअरच्या कॉमनला नाही. पत्रा नीट चावत नाही, जोड तापतो, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तोच गुलाबी.

मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजायचं तर पांढरा पूर्ण उजेडावर ठेवा. उजेड कमी केला की कंट्रोलर करंट झपाट्यानं चालू-बंद करतो आणि आकडा फसवतो. शेवटच्या टोकाला कॉमन आणि निळा यांत बघा. साडेदहाच्या खाली असेल तर वायर जाड करा किंवा त्या टोकालाही चारही वायरी पोचवा.

१० मीटरच्या पुढं मात्र नुसत्या जाड वायरीनं भागत नाही, कारण कंट्रोलरची हद्द संपते. तिथं कंट्रोलरचा इशारा पुढच्या रोलना देणारा ॲम्प्लिफायर घ्या. पहिल्या भागाच्या शेवटच्या चार वायरी त्याच्या इनपुटला, पॉवर त्याच्या स्वतःच्या एसएमपीएसवरून, पुढचे रोल आउटपुटवर. दोन एसएमपीएसच्या प्लस एकमेकांना जोडू नका.

त्या घरी निघता निघता पुन्हा हाक आली, रिमोट चालेना. कंट्रोलरचा तो छोटा काळा डोळा बोर्डाच्या डब्यात बंद झाला होता. रिमोटचा किरण डोळ्यावर पडला पाहिजे. भोक पाडून डोळा बाहेर काढला, तर पोरगं पाटावर बसून बटणं दाबायला लागलं.