हार्मोनिक बॅलन्सर काढताना कडेला पहार लावू नका

जुन्या शेवरोले ३५० व्ही-८ इंजिनचा बॅलन्सर, म्हणजे क्रँकशाफ्टचा कंप शोषणारं पुढचं चाक, क्रँकवर प्रेस फिट बसलेला असतो, हाताने हलत नाही, मग लोक बाहेरच्या रिंगला टॉमी लावून उचकटतात किंवा तिथेच जबड्याचा पुलर अडकवतात. पण ती रिंग आतल्या हबला फक्त रबराने धरलेली असते, रबर सुटलं की रिंग सरकते आणि तिच्यावरची टायमिंगची खूण खोटी पडते.

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, बेल्ट आणि पुली काढा. पुलीचे तीन बोल्ट जिथून निघाले तीच भोकं पुलरसाठी.

२. क्रँकचा मधला बोल्ट काढा, वॉशर बाजूला ठेवा आणि बोल्ट वॉशरशिवाय परत हाताने शेवटपर्यंत फिरवा, म्हणजे पुलरचा स्क्रू त्याच्या डोक्यावर दाबेल आणि क्रँकचे आटे वाचतील.

३. तीन बोल्टचा पुलर हबला लावा. ३/८ इंची बारीक आट्याचे, म्हणजे इंचाला २४ आट्यांचे बोल्ट लागतात, जाड आट्याचा जबरदस्तीने घातला तर हबचेच आटे जातात. बोल्ट हाताने निदान दहा मिमी आत जाऊ द्या आणि पुलरची पट्टी अगदी समांतर ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

४. स्क्रूला ग्रीस लावून पान्याने हळूहळू आवळा. पट्टी तिरकी दिसली की थांबा, सैल करून परत सरळ करा.

आणि बसवताना हातोडा नको, धक्का थेट थ्रस्ट बेअरिंगवर जातो, त्यासाठी इन्स्टॉलर मिळतो तोच वापरा.